विलंब शुल्क खर्चापुरते घ्यावे, पेअरिंग झाल्यावर मात्र कोणाचेही नाव घेऊ नये

प्रश्न : आम्ही तालुक्याच्या ठिकाणी मुलांची एक दिवसाची रॅपिड बुद्धिबळ स्पर्धा घेतो. मुदत संपल्यावरही ‘नाव घ्या’ म्हणून फोन येतात. जास्तीचे पैसे घेऊन नावे घ्यावीत का? नियम कसा ठेवावा?

उत्तर :

घ्यावीत, पण आदल्या दिवशी दुपारपर्यंतच. पहिल्या फेरीचे पेअरिंग लागल्यानंतर दुप्पट-तिप्पट पैसे कोणी दिले तरी पहिल्या फेरीसाठी नाव घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. मी बरीच वर्षे अशा स्पर्धांमध्ये पेअरिंगच्या टेबलावर बसतो आणि याच मुद्द्यावरून एका आयोजक मंडळाच्या खजिनदारांशी माझा जो वाद झाला, तो माझ्या लेखी अजूनही मिटलेला नाही.

त्या स्पर्धेत ४० मुले होती आणि पटही मोजून २० मांडले होते. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला मानांकनानुसार लावलेल्या यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्या भागाशी खेळतो. म्हणजे पहिला एकविसाव्याशी, दुसरा बाविसाव्याशी. कागद भिंतीवर लागला, पालकांनी बोट फिरवून आपापल्या मुलाचे नाव शोधले, मुले पटांवर जाऊन बसली. तेवढ्यात खजिनदारांनी दुप्पट शुल्क घेऊन दोन नावे माझ्यासमोर ठेवली. दोघांनाही मानांकन नव्हते, त्यामुळे ते यादीच्या तळाला गेले. पण यादी ४२ ची होताच पहिल्याची गाठ बाविसाव्याशी आणि दुसऱ्याची तेविसाव्याशी पडली, आणि एकूण एक जोडी बदलली. कागद काढावा लागला, सगळ्या मुलांना उठवावे लागले, एकविसाव्या पटासाठी कोणाच्या तरी घरून घड्याळ आणावे लागले. प्रत्येकी १५ मिनिटे आणि दर चालीला ५ सेकंद अशी वेळ असली, तर एक फेरी सहज ४० मिनिटे घेते. सकाळी गेलेला वेळ भरून निघाला नाही, सातऐवजी सहाच फेऱ्या झाल्या, आणि वेळेत नाव देणाऱ्या सर्वांचा एक डाव बुडाला.

‘त्यांनी पैसे दिले आहेत, आपले काय जाते?’ हे खजिनदारांचे म्हणणे होते. पैसे मंडळाला मिळाले आणि डाव मुलांचा गेला, हे तेव्हाही त्यांना पटले नाही. एकच नाव वाढले असते तर जोड्या बदलल्या नसत्या, हे खरे. पण तेव्हा संख्या विषम होऊन यादीतल्या शेवटच्याला, म्हणजे बहुधा त्या उशिरा आलेल्यालाच, बाय मिळाला असता आणि नियमावलीत वेगळे लिहिलेले नसेल तर बायचा पूर्ण एक गुणही. मुदत चुकवणाऱ्याला न खेळता गुण आणि मुदत पाळणाऱ्याला पहिल्याच फेरीत तगडा प्रतिस्पर्धी, हा न्याय कोणत्या पालकाला समजावून सांगणार?

म्हणून नियम दोन टप्प्यांचा ठेवा आणि तो माहितीपत्रकातच छापा. स्पर्धा रविवारी असेल, तर नेहमीच्या शुल्काची मुदत गुरुवारी संध्याकाळी संपवा, कारण पट, घड्याळे, नाश्ता आणि प्रमाणपत्रे यांची मागणी त्या आकड्यावरून द्यायची असते. त्यानंतर शनिवारी दुपारी १२ पर्यंत, पट आणि घड्याळे शिल्लक असतील तोवरच, विलंब शुल्कासह नावे घ्या. नेहमीचे शुल्क ३०० रुपये असेल तर वर १०० पुरेत. ऐन वेळी वाढीव नाश्ता आणि प्रमाणपत्र यांचा भार तेवढ्यात भागतो. दुप्पट शुल्क मला मुळीच मान्य नाही. त्यातून उशिरा येणाऱ्याला आपण हक्क विकत घेतल्यासारखे वाटते आणि मंडळाला उशिराच्या नावांची चटक लागते. शनिवारी संध्याकाळी यादी सर्वांना दाखवा, नाव आणि मानांकनाच्या दुरुस्त्या घ्या आणि मग ती बंद करा. पदाधिकाऱ्याच्या भाच्यालाही हाच नियम लावा. खरे तर त्यालाच आधी लावा, कारण पालकांचे लक्ष तिकडेच असते.

रविवारी सकाळी कोणी दारात येऊन उभे राहिलेच, तर त्याला दुसऱ्या फेरीपासून घेता येते. पहिल्या फेरीचा गुण शून्य आणि विलंब शुल्क तेच. मात्र त्यामुळे संख्या विषम होत असेल, तर मी त्यालाही नकार देईन.

दोन प्रकारांना मात्र विलंब शुल्क लावू नये. ज्याच्या खात्यातून पैसे मुदतीआधी गेले पण तुमच्याकडे पोचायला उशीर झाला, तो वेळेतच आला असे धरा. व्यवहाराची वेळ त्याच्या मोबाइलवर दिसते. आणि ज्याचे नाव आधीच आले आहे पण एसटी उशिरा येणार असल्याचे त्याने पेअरिंगपूर्वी कळवले आहे, त्याला पहिल्या फेरीतून वगळून अर्ध्या गुणाचा बाय द्या. फक्त ही सोयसुद्धा माहितीपत्रकात आधीच लिहिलेली हवी.