चित्र ब्लॅक अँड व्हाइट येतंय? पिवळी पिन कुठे आहे ते बघा

प्रश्न: जुन्या डबा टीव्हीला नवीन सेट-टॉप बॉक्स जोडलाय. आवाज छान येतो, पण चित्र ब्लॅक अँड व्हाइट. टीव्हीच्या मागे हिरवं, निळं, लाल, पांढरं, लाल अशी पाच भोकं आहेत आणि वायरला पिवळी, पांढरी, लाल पिन. पिवळी हिरव्यात लावलीय. टीव्ही गेला का?

उत्तर: टीव्ही ठणठणीत आहे, पिन चुकीच्या घरात आहे.

ती पाच भोकं कंपोनंटची. तिथे चित्र तीन वायरींत वाटून येतं: हिरव्यातून फक्त उजेड-अंधार, आणि रंगांची माहिती निळ्या व लाल वायरीतून. तुमच्या पिवळ्या पिनेत मात्र उजेड आणि रंग एकत्र कालवलेले असतात. ती हिरव्यात खुपसली की टीव्ही त्यातला उजेड घेतो आणि रंग निळ्या-लालमध्ये शोधत बसतो. तिथे काहीच नाही, म्हणून चित्र करडं. नीट पाहिलंत तर गडद रंगांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल. तोच न उलगडलेला रंग.

आता पिवळं सॉकेट शोधा. मागे नसेल तर बाजूला किंवा पुढच्या झाकणाखाली असतं. त्यावर 'एव्ही इन' लिहिलंय ना, बघा. 'आउट'मध्ये लावलंत तर चित्रच येणार नाही. पांढरी आणि लाल पिन पिवळ्याच्याच ओळीत लावा. तिथे एकच पांढरं भोक असेल तर टीव्ही मोनो आहे, लाल पिन मोकळी सोडा. मग रिमोटवरचं एव्हीचं बटण दाबत त्या इनपुटवर या. एवढं करूनही रंग आले नाहीत तर टीव्हीच्या मेन्यूत कलर सिस्टीम ऑटो किंवा PAL करा, आणि बॉक्सच्या सेटिंगमध्येही PAL आहे ना ते पाहा.

बॉक्सच्या मागेही हिरवं-निळं-लाल असेल (हल्लीच्या बॉक्सला सहसा नसतं), तर कंपोनंट जरूर वापरा. अक्षरांच्या कडेला रंग पाझरतात ते थांबतं, बातम्यांची पट्टी स्वच्छ वाचता येते. पण आधी पिवळ्या वायरीवर चित्र आणून बॉक्सचं रिझोल्यूशन 576i करा, मगच वायर बदला. बहुतेक डबा टीव्हींना 720p किंवा 1080i झेपत नाही. चित्र फाटतं, वर-खाली पळतं किंवा पडदा काळा होतो, आणि मग मेन्यूही दिसत नसल्यामुळे सेटिंग बदलायची पंचाईत. यात लाल पिना दोन असतात: हिरव्या-निळ्याच्या जोडीची चित्राची, पांढरीच्या जोडीची आवाजाची. त्यांची अदलाबदल झाली की रंग बिघडतात आणि उजव्या स्पीकरातून गुरगुर येते.

बॉक्सच्या मेन्यूत स्क्रीनचा आकारही 4:3 करून टाका, नाहीतर माणसं उभट दिसतील.