आयर्न सल्फेटमधला कंस

आयर्न(III) सल्फेटचं सूत्र तू Fe₂SO₄₃ लिहिलंस, तिथे कंस हवा होता. SO₄ हा अख्खा गट मिळून एकच आयन आहे आणि त्याचा प्रभार −2. आयर्न(III) चा +3. दोन आयर्नचे +6, तीन सल्फेटचे −6, हिशेब जुळला: Fe₂(SO₄)₃. कंस गाळलास की 43 ऑक्सिजन वाचले जातात!

नाव मात्र ‘डायआयर्न ट्रायसल्फेट’ सांगू नकोस, ‘आयर्न(III) सल्फेट’ सांग. डाय-ट्राय N₂O₄ सारख्या सहसंयुज संयुगांना लावायचं. आयनिक संयुगात संख्या प्रभारावरूनच कळते. नावातल्या कंसातला रोमन आकडा आयर्नच्या प्रभाराचा, अणूंच्या संख्येचा नव्हे. इथेच बहुतेक जण घसरतात. FeSO₄ दिलं तर उलटं चाल: सल्फेट −2, म्हणजे आयर्न +2, म्हणून आयर्न(II) सल्फेट. नावाचं शेपूटही नीट वाच, सल्फेट म्हणजे SO₄, पण सल्फाइट म्हणजे SO₃, प्रभार तोच −2.