हाडांच्या घनतेच्या तपासणीत टी-स्कोर -2.8 आलाय, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत, आता व्यायामात वजन उचलू का?

ताई, वजन उचलणं सोडू नका, वाकायची पद्धत बदला. पाठ गोल करून वाकलं की सगळा दाब मणक्याच्या पुढच्या भागावर येतो, तोच पाचरीसारखा चेपतो. म्हणून पश्चिमोत्तानासन, हलासन, क्रंचेस बंद, आणि वाकून वळत बादली उचलणं तर नकोच (मी तिथेच फसले होते). झाडूची काठी पाठीवर उभी धरा, डोकं, पाठ, माकडहाड तिन्हीला टेकलेली ठेवून गुडघे जरासे वाकवत बूड मागे ढकला, काठी कुठे सुटायला लागली की तेवढ्यावरच थांबायचं. हे नीट जमलं की मग हातात 2 किलोचं डंबेल घेऊन 8 वेळा, हळूहळू वाढवा. अचानक पाठीत कळ आली आणि उभं राहिल्यावर वाढली तर व्यायाम बंद, डॉक्टरांना दाखवून एक्सरे काढा.