पात्रं आहेत, मग पॅशन ऑपेरा का नाही?

प्रश्न: संगीतकार बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये, म्हणजे येशूच्या दुःखभोगाच्या गायलेल्या कथेत, पात्रं, संवाद सगळं आहे. मग तो ऑपेरा का नाही?

कारण तो रंगमंचासाठी नव्हे, गुड फ्रायडेच्या उपासनेसाठी लिहिला आहे. लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये तो दोन भागांत गायला जाई, मध्ये प्रवचन असे. वेशभूषा नाही, अभिनय नाही. शुभवर्तमानातली कथा टेनर म्हणजे उंच पुरुषी आवाजातला निवेदक गातो, त्यामुळे दृश्य दाखवावं लागतच नाही. अधूनमधून येणारी कोराल ही मंडळींच्या ओळखीची भक्तिगीतं. ऐकणारा तिथे प्रेक्षक न राहता भाविक होतो.

ऑरेटोरिओ म्हणजे बहुधा धार्मिक कथेवरची, अभिनयाशिवाय गायली जाणारी मोठी रचना. तिला मात्र चर्चची अट नाही. संगीतकार हँडलचे ऑरेटोरिओ लंडनच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होत. १७३२ मध्ये त्याच्या ‘एस्थर’ या ऑरेटोरिओच्या जाहिरातीतच रंगमंचावर अभिनय होणार नाही, असं छापलं होतं.