आठ महिन्यांनी लागणारे पैसे आणि एक मार्केट ऑर्डर

प्रश्न : एका लहान कंपनीचे ८,००० शेअर घेतले. स्क्रीनवर भाव ५० रुपये होता, मार्केट ऑर्डर टाकली, तर सरासरी ५४ च्या वर पडली. ब्रोकरने फसवलं का? घेतल्या घेतल्या भाव ५७ दिसला, दुसऱ्या दिवशी परत ५० वर आला. आता आणखी ८,००० घेऊन सरासरी खाली आणावी म्हणतो; या वेळी लिमिट ऑर्डर टाकेन. लिमिट किती ठेवू? घराच्या डाउन पेमेंटचे पैसे आहेत, आठ महिन्यांनी लागतील. ज्यांनी शेअर सुचवला ते म्हणतात, तोवर दुप्पट नक्की. ऑर्डर टाकण्याआधीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

उत्तर : आधी एक करा, ती दुसरी ऑर्डर टाकू नका. कोणत्याच लिमिटला नको.

ब्रोकरने फसवलेलं नाही. स्क्रीनवरचा ५० हा शेवटच्या सौद्याचा भाव होता. तो सौदा तासाभरापूर्वीचा आणि वीस-पंचवीस शेअरचाही असू शकतो. त्याच भावाला तुम्हाला ८,००० शेअर द्यायला कोणी तयार आहे, असं तो आकडा सांगत नाही. ते डेप्थमध्ये दिसतं, म्हणजे कोण कोणत्या भावाला किती शेअर घ्यायला-विकायला तयार आहे त्या यादीत, आणि तुमच्याच स्क्रीनशॉटमध्ये ते स्पष्ट आहे. ५०.५० ला ६०० शेअर विकायला होते, ५१ ला ९००, ५२ ला १,५००, ५४ ला २,००० आणि ५७ ला ३,०००. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘भाव काहीही असो, माल आत्ता द्या’. तिने खालून वर एकेक पायरी रिकामी करत नेली. बेरीज होते सुमारे ४ लाख ३३ हजार, म्हणजे शेअरमागे ५४ रुपये १५ पैसे. डोक्यात ४ लाखांचा हिशोब होता. वरचे ३३ हजार निव्वळ घाईचे गेले.

त्यानंतर दिसलेला ५७ चा भाव तुमच्याच खरेदीचा होता. शेवटचे ३,००० शेअर तुम्ही ५७ ला उचललेत, म्हणून शेवटचा भाव ५७ लागला. त्या क्षणी खात्यात २३ हजारांचा नफा दिसला असेल, पण त्या भावाला तुमच्याकडून घेणारा कोणीही नव्हता. दुसऱ्या दिवशी भाव ‘पडला’ नाही, होता तिथे परत आला.

५१ ची लिमिट, म्हणजे ‘५१ च्या वर घेणार नाही’ अशी अट लावली असती, तर पहिले १,५०० शेअर सरासरी ५० रुपये ८० पैशांनी मिळाले असते आणि उरलेली ऑर्डर ५१ ला रांगेत थांबली असती. दिवसअखेर भरली नसती तर रद्द झाली असती. लिमिट ऑर्डरची अडचण एवढीच की माल मिळेलच याची खात्री नसते, कधी थोडाच मिळतो. पण या भावाला १,५०० च्या वर शेअर उपलब्धच नाहीत, हे पैसे जाण्याआधी कळलं असतं. मात्र ६० ची लिमिट लावली असती, तर ती नावाचीच लिमिट झाली असती. निकाल मार्केट ऑर्डरसारखाच लागला असता. मोठ्या कंपनीच्या शेअरमध्ये घेणारा आणि विकणारा यांच्या भावात काही पैशांचंच अंतर असतं आणि प्रत्येक पायरीवर हजारो शेअर असतात. तिथे पन्नास-शंभर शेअर मार्केट ऑर्डरने घेतले तरी फारसं बिघडत नाही. तुमच्या शेअरमध्ये घेणारा ४८ ला आणि विकणारा ५०.५० ला होता. अडीच रुपयांचं अंतर, म्हणजे घेऊन लगेच विकलं तरी पाच टक्के गेले. ऑर्डर टाकण्याआधी हे एक अंतर बघितलं असतं, तरी हात थांबला असता.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण ३३ हजारांपेक्षा ती मोठी आहे. तुम्ही डेप्थची एकच बाजू बघताय. हे शेअर आठ महिन्यांनी विकायचेत, तेव्हा दुसऱ्या बाजूशी गाठ आहे. त्याच स्क्रीनशॉटमध्ये घेणारे असे आहेत: ४८ ला ५००, ४७ ला ७००, ४५ ला १,००० आणि ४२ ला २,०००. संपले. म्हणजे त्या दिवशी ८,००० शेअर मार्केट ऑर्डरने विकायला काढले असते, तर ४,२०० गेले असते, १ लाख ८६ हजार हातात आले असते आणि ३,८०० शेअर घेणाऱ्याविना पडून राहिले असते. तुमच्या खात्यात मात्र ‘किंमत ४ लाख’ असंच दिसत राहतं, कारण तिथे शेवटच्या भावाने नुसता गुणाकार केलेला असतो.

या शेअरची रोजची उलाढाल सरासरी ५,००० शेअरची दिसते. भाव फारसा न हलवता विकायचं असेल, तर मी दिवसाच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे रोज ५००, तुमचे ८,००० विकायला सोळा दिवस. आणखी ८,००० घेतलेत तर बत्तीस. हाही चांगल्या दिवसांचा हिशोब आहे. कंपनीची वाईट बातमी आली की अशा शेअरमध्ये घेणारे त्याच सकाळी गायब होतात. तेव्हा लिमिट ऑर्डर टाकून भाव राखता येईल, पण गिऱ्हाईक आणता येणार नाही. सरासरी ५४ वरून ५२ वर आली, तरी अडकलेली रक्कम दुप्पट होईल.

‘आठ महिन्यांत दुप्पट नक्की’ असं म्हणणाऱ्यावर मला राग येतो, आणि तो लपवत नाही. घराच्या डाउन पेमेंटचे पैसे आहेत हे माहीत असताना कोणी असा शेअर सुचवत असेल, तर त्याचा सल्ला पुन्हा घेऊ नका. त्यांचा हेतू काय होता ते मला माहीत नाही. पण अशा शेअरमध्ये ज्याच्याकडे मोठा साठा असतो, त्यालाही बाहेर पडायला भाव न विचारणारा खरेदीदारच लागतो. ५७ ला ३,००० शेअर लावून बसलेल्या कोणाला तरी तो त्या दिवशी मिळाला.

आता बाहेर कसं पडायचं ते बघू. उद्यापासून रोज ३०० ते ५०० शेअरची लिमिट ऑर्डर टाका. बाजार उघडल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, तेव्हा अंतर सगळ्यात जास्त असतं. सुरुवात घेणारा आणि विकणारा यांच्या मधल्या भावाने करा, म्हणजे स्क्रीनशॉटमधल्या डेप्थनुसार ४९ च्या आसपास. दोन-तीन दिवस काहीच गेलं नाही, तर रुपयाने खाली या. एखाद्या दिवशी उलाढाल अचानक वाढली, तर त्या दिवशी जास्त विका. सगळे ८,००० एकाच ऑर्डरमध्ये दाखवू नका. एवढा माल विकायला आलाय हे दिसलं की ४८ चा गिऱ्हाईक ४६ वर सरकतो. आणि या शेअरला, भाव ठरावीक पातळीवर उतरताच मार्केट ऑर्डरमध्ये बदलणारा स्टॉप-लॉस लावू नका. किरकोळ सौद्याने भाव क्षणभर खाली आला तरी तो सुटेल, आणि जी चूक घेताना झाली तीच विकताना होईल.

सरासरी ४७ मिळाली, तर ३ लाख ७६ हजार येतील, म्हणजे सुमारे ५७ हजारांचा तोटा. खरेदीभाव परत येईपर्यंत थांबायचा मोह होईल. घर घ्यायचं नसतं तर त्यावर बोलता आलं असतं. आठ महिन्यांच्या मुदतीत नाही. दुसऱ्या ८,००० साठी ठेवलेली रक्कम आजच मुदत ठेवीत टाका, सहा-सात महिन्यांची, आणि विक्रीचे पैसे जसे येतील तशा त्यांच्याही वेगळ्या ठेवी करत जा. डाउन पेमेंटला ५०-६० हजार कमी पडतील, ते दरमहा सात-आठ हजार बाजूला टाकून आठ महिन्यांत भरून निघतील.