चौथं पुस्तक घेऊ नकोस, पेन्सिल घे

प्रिय,

गणितावरची तीन पुस्तकं वाचून झाली, पण लक्षात राहिल्या त्या माणसांच्या गोष्टी, गणित नाहीच, असं लिहिलंस. आता चौथं कुठलं घेऊ म्हणतेस. चौथं घेऊ नकोस. पेन्सिल घे.

सायमन सिंग यांचं फर्माच्या प्रमेयावरचं पुस्तक मलाही फार आवडतं. पण ते प्रमेय सिद्ध करणाऱ्या वाइल्स यांची सिद्धता तुझ्यामाझ्या आवाक्यातली नाही, म्हणून ते पुस्तक तिच्याभोवतीची माणसं दाखवतं. तुझी शाळेतली भीती बसली आहे आकडेमोडीत, आणि तिकडे तू अजून फिरकलेलीच नाहीस.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांच्यापासून सुरू कर. गणिती कोड्यांवर लिहिणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभरच्या वाचकांनी कागद पुढे ओढले. चारही अंक सारखे नसतील अशी कुठलीही चार अंकी संख्या घे. अंक उतरत्या क्रमाने मांड, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेले वजा कर. ३५२४ घेतलीस तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच: ८७३० − ०३७८ = ८३५२. पुन्हा: ८५३२ − २३५८ = ६१७४. आता यापुढे कितीही कर, ६१७४च येत राहील. कुठूनही निघालीस तरी सात वजाबाक्यांच्या आत इथेच पोचशील.

वाचून मान डोलावलीस ना? तेच नको आहे. २१११ घे आणि कर. पहिली वजाबाकी ०९९९ देते. तिथे पुढचं शून्य टाकून दिलंस तर ९९९ − ९९९ होऊन सगळं संपतं. शून्य ठेवलंस तर ६१७४ येतं. नुसतं वाचणाऱ्याला हे शून्य कधी भेटतच नाही. हातचा चुकला की नाही हेही तुझं तुला कळेल: प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज नऊच्या पटीत यायला हवी. न आली, तर मागे जा. बाई तपासायला नकोत.

लोक मला म्हणतात, अशाने महिन्याला दहा पानं होतात. होऊ देत. मंगला नारळीकरांचं ‘गणितगप्पा’ घे, पण आधी मधलं एखादं पान उघडून बघ की तिथे पेन्सिलीला काम आहे का. हीच कसोटी प्रत्येक पुस्तकाला लाव. ज्यात काम नाही ते गोष्टीसाठी खुशाल वाच, भीतीवरचं औषध म्हणून नको.

आता तिन्ही अंक सारखे नसतील अशी तीन अंकी संख्या घे. तिथे वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९ गुणिले सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक एवढंच असतं. का, ते स्वतः मांड. म्हणजे शक्यता नऊच उरतात, ०९९ पासून ८९१ पर्यंत. नऊही करून बघ, सगळ्या एकाच संख्येपाशी येतात. ही पूर्ण सिद्धता आहे आणि अर्ध्या पानात बसते. संख्या कुठली ते मी सांगणार नाही. ते अर्धं पान पाठव, मग पुढच्या पुस्तकाचं बोलू.