क्रँक बारची लांबी: 0.42D मधला D कुठून कुठपर्यंत मोजायचा

प्रश्न: स्लॅबच्या क्रँक बारची लांबी काढताना सगळे 0.42D मिळवायला सांगतात. हा D म्हणजे स्लॅबची पूर्ण जाडी का? आणि ४५ ऐवजी ३० अंशात वाकवायचं असेल तर काय बदलतं?

नाही, पूर्ण जाडी नाही. D म्हणजे सळई खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाताना जेवढी उंची चढते तेवढीच. ही उंची सळईच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायची. म्हणून जाडीतून खालचं कव्हर जातं, वरचं कव्हर जातं आणि सळईचा एक व्यासही जातो. व्यास एकदाच वजा होतो, कारण खाली अर्धा आणि वर अर्धा.

आता 0.42 कुठून येतो ते बघा, म्हणजे तो पाठ करावा लागणार नाही. क्रँकचा तिरका भाग हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण असतो. उभी बाजू D, आणि आडवी बाजू म्हणजे तो तिरका भाग जमिनीवर जेवढी जागा व्यापतो ती. स्पॅन मोजताना ही आडवी बाजू आपण आधीच धरलेली असते. म्हणून कर्ण आणि आडवी बाजू यांतला फरक तेवढा जादा मिळवायचा.

```
D = t - 2c - d
तिरकी लांबी = D / sin θ
आडवी लांबी = D / tan θ
जादा लांबी = D / sin θ - D / tan θ
```

इथे t स्लॅबची जाडी, c कव्हर, d सळईचा व्यास. वर आणि खाली कव्हर वेगळं असेल तर `2c` न लिहिता दोन्ही वेगवेगळी वजा करा. ४५ अंशाला कर्ण 1.414D आणि आडवी बाजू D, म्हणून जादा 0.414D. तोच आकडा साइटवर 0.42D झाला. ३० अंशाला कर्ण 2D, आडवी बाजू 1.732D, म्हणजे जादा फक्त 0.268D. कोन कमी केला की तिरका भाग लांबतो, पण कटिंग लेंग्थमध्ये मिळवायचा आकडा घटतो. इथे बरेच जण गोंधळतात. तिरकी लांबी आणि जादा लांबी हे दोन वेगळे आकडे आहेत आणि दोघांचं काम वेगळं आहे: जादा लांबी सळई कापताना लागते, तिरकी लांबी सळई वाकवताना लागते.

एक स्लॅब घेऊन सगळं करून दाखवतो. एकेरी, म्हणजे वन-वे स्लॅब, जाडी १२५ मिमी, बीमच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत ३००० मिमी, दोन्हीकडे २३० चे बीम. मेन बार १० मिमीचे, कव्हर २० मिमी, बीमला कव्हर २५. ड्रॉइंगवर क्रँक स्पॅनच्या चौथ्या भागावर, म्हणजे बीमच्या कडेपासून ७५० मिमीवर सुरू होतो आणि दोन्ही टोकांना आहे.

D = १२५ − २० − २० − १० = ७५ मिमी. ४५ अंशाला तिरकी लांबी १०६ मिमी, जादा लांबी प्रत्येक क्रँकला ३१ मिमी. सळई दोन्ही बाजूंना बीममध्ये २०५ मिमी जाते, म्हणून आडवं माप ३००० + २०५ + २०५ = ३४१०. दोन क्रँकचे ६२ मिळवले की ३४७२ मिमी. टोकाला सळई बीममध्ये खाली वळवायची असेल तर ते माप ड्रॉइंगवरून यात वेगळं मिळवायचं.

हाच आकडा तुकड्या-तुकड्याने पडताळून बघायची मला सवय आहे आणि तुम्हीही लावून घ्या. मधला खालचा सरळ भाग ३००० − ७५० − ७५० = १५००. तिरके भाग १०६ आणि १०६. वरचे सरळ भाग प्रत्येकी ७५० − ७५ + २०५ = ८८०. बेरीज पुन्हा ३४७२. याचा फायदा असा की फिटरला खडूच्या खुणा थेट देता येतात: एका टोकापासून ८८०, ९८६, २४८६, २५९२. या चार खुणांवर वाकवलं की क्रँक जागेवर बसतो. फक्त ड्रॉइंगवरचे ७५० क्रँकच्या खालच्या वळणापर्यंत आहेत की वरच्या, हे आधी विचारून घ्या. मी इथे खालचं वळण धरलंय.

आता वाकवताना सळई लांबते म्हणून वजावट करायची का? शेड्यूलमध्ये ४५ अंशाच्या प्रत्येक वळणाला `1d` वजा करायची पद्धत आहे. चार वळणं म्हणजे ४० मिमी, म्हणजे ३४३२. पण आपण माप सळईच्या मध्यरेषेवर घेतलंय. वळणाची आतली त्रिज्या व्यासाच्या चौपट धरली तर ४५ अंशाच्या एका वळणात मध्यरेषेवर प्रत्यक्षात दोन मिमीच्या आसपासच वाचतात, चार वळणांत आठेक मिमी. त्यामुळे मध्यरेषेच्या मापातून वर पुन्हा प्रत्येकी एक व्यास वजा केला तर सळई बीममध्ये सव्वा इंच कमी जाते. बिलासाठी तुमच्या ऑफिसची जी पद्धत ठरलेली असेल ती ठेवा. कापताना मात्र मी ३४६० ते ३४६५ धरतो.

आता मुख्य गोष्टीवर येतो. तुम्ही D च्या जागी पूर्ण १२५ धरले असते तर काय झालं असतं? कटिंग लेंग्थमध्ये 0.42 × 125 म्हणजे साधारण ५२ मिमी मिळवले असते, बरोबर आकड्यापेक्षा एका क्रँकला २१ मिमी जास्त. तेवढं बीममध्ये सामावूनही जाईल आणि चूक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण तोच D फिटरकडे गेला तर तिरका भाग १०६ ऐवजी १७७ चा होतो. सळई १२५ मिमी वर चढते आणि तिची वरची कड काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या ३० मिमी वर येते.

हे मी डोळ्यांनी बघितलंय. मी साइटवर नवीन होतो. स्लॅब हाच, १२५ चा. ऑफिसातून आलेल्या शेड्यूलमध्ये D चा रकाना १२५ चा भरलेला होता आणि सगळ्या सळ्या त्या मापाने वाकवून सेंट्रिंगवर चढल्या होत्या. बांधणी झाल्यावर मी बाजूच्या फळीवरच्या लेव्हलच्या खुणांना दोरी ताणली, तर बीमच्या कडेला सगळ्या क्रँक दोरीच्या वर डोकावत होत्या. फिटर म्हणाला, "साहेब, हातोड्याने दाबून बसवतो." मी नको म्हटलं. एकदा वाकवलेली सळई त्याच जागी उलटी सरळ करायची म्हणजे तिथे तडा जायची भीती, आणि दाबलेला क्रँक मधेच कुठेतरी फुगतो. त्या सळ्या बाजूला काढल्या आणि नव्या कापल्या. स्लॅब दोन दिवस पुढे गेला.

उलटी चूक जास्त धोक्याची, कारण ती दोरीला लागत नाही. समजा, फिटरने खुणा बरोबर १०६ वर केल्या पण सळई ४५ अंशात न वाकवता ३० अंशातच सोडली. मग उंची मिळते १०६ ची निम्मी, म्हणजे ५३ मिमी, ७५ नाही. क्रँक २२ मिमी खाली राहतो. बीमवर वरच्या सळईची प्रभावी खोली १२५ − २० − ५ = १०० मिमी असायला हवी, ती राहते ७८. वरच्या ओढीला तोंड द्यायची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. काँक्रीट झाल्यावर वरून काहीच दिसत नाही. दिसतं नंतर, बीमच्या कडेला समांतर जाणारी चीर वरच्या फरशीत उमटते तेव्हा. म्हणून ३० अंश ठरवायचा असेल तर खुणाही ३० च्या हव्यात: तिरका भाग १५० मिमी, आडवा १३०, जादा २० मिमी. कोन बदलला आणि खुणा जुन्याच राहिल्या, असं होऊ देऊ नका.

तपासणी सोपी आहे. दोरी ताणा आणि दोरीपासून क्रँकच्या वरच्या कडेपर्यंत टेपने मोजा. २० मिमी यायला हवेत. पाच-पंचवीस ठिकाणी मोजा, विशेषतः जिथून लोक ये-जा करतात तिथे, कारण क्रँक पायाखाली दबतो आणि आडवाही पडतो. खाली खुर्च्या नसतील तर बरोबर वाकवलेला क्रँकही काँक्रीट ओतेपर्यंत खाली गेलेला असतो.

दुहेरी, म्हणजे टू-वे स्लॅब असेल तर एक गोष्ट सहज सुटते. लहान स्पॅनच्या सळ्या सगळ्यात खाली असतात आणि लांब स्पॅनच्या त्यांच्यावर बसतात. म्हणून लांब स्पॅनच्या क्रँकची सुरुवातच १० मिमी वरून होते. तिचा D ६५ होतो, तिरका भाग ९२ आणि जादा २७. दोन्ही दिशांना एकच १०६ चा क्रँक वाकवला तर लांब दिशेच्या सळईचं वरचं कव्हर २० ऐवजी १० मिमी उरतं. आयएस ४५६ मध्ये सौम्य हवामानासाठी कव्हर २० मिमी आहे, आणि १२ मिमीपर्यंतच्या सळईला १५ पर्यंत सूट आहे. १० त्यात बसत नाही.

पातळ स्लॅबला जाड सळई असेल तर हे गणित कागदावरच राहतं. १०० मिमीच्या स्लॅबला १२ ची सळई घेतली तर D फक्त ४८ आणि तिरका भाग ६८ मिमी. त्यातले चाळीसच्या वर मिमी दोन वळणांच्या गोलाईतच जातात, सरळ तिरका भाग जेमतेम इंचभर उरतो. तिथे मी क्रँक न करता बीमवर वेगळ्या सरळ सळ्या टाकायला डिझाइनरला सांगतो. हल्ली बरीच ड्रॉइंग्ज तशीच येतात, खालची सळई सरळ आणि वर एक्स्ट्रा टॉप. तुमच्या ड्रॉइंगवर तसं असेल तर D काढायची गरजच नाही, पण त्या वरच्या सळ्यांनाही खुर्च्या लागतात आणि दोरीपासूनचे २० मिमी तेच.